पडद्यावरचा तक्ता फोटोतून उतरवताना

संगणकाचा पडदा बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातला संवेदकही तसाच ठिपक्यांच्या जाळीचा असतो. एका मच्छरदाणीवर दुसरी धरली की दोन्हींत नसलेले जाड नागमोडी पट्टे डोळ्यांना दिसू लागतात. पडद्याच्या फोटोत उमटणारे रंगीत पट्टे याच जातीचे. त्यांना मॉयरे म्हणतात. पडद्यावर ते नसतात, संवेदकावरही नसतात. दोन जाळ्यांच्या मापांतल्या थोड्याशा फरकातून ते तयार होतात. म्हणून ते नंतर पुसत बसण्यापेक्षा फोटो काढतानाच टाळणे कितीतरी सोपे असते.

स्क्रीनशॉट घेता येत असेल तर अर्थातच फोटोची गरज नाही. पण काही ठिकाणी यंत्र जुने असते, त्यातल्या प्रणालीतून फाइल बाहेर काढण्याची सोय नसते आणि पेनड्राइव्ह लावायलाही बंदी असते. समजा, एका दूध संकलन केंद्राच्या अशा संगणकावर सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असा तक्ता उघडलेला आहे. पडदा २४ इंची फुल एचडी, म्हणजे आडव्या ओळीत १९२० ठिपके. रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर. मोबाइलचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोच्या रुंदीत ४००० ठिपके.

साहजिकच पूर्ण पडदा फोटोच्या चौकटीत काठोकाठ बसवला जातो, आणि नेमका तोच सर्वांत वाईट पर्याय ठरतो. संवेदकावर लाल, हिरवे आणि निळे ठिपके आलटून पालटून असतात. आडव्या ओळीत लाल रंग दर दुसऱ्या ठिपक्यावर टिपला जातो, म्हणजे ४००० पैकी २००० जागीच. समोर पडद्याचे १९२० ठिपके आहेत. दोन मोजण्यांतला फरक ८०, म्हणून फोटोत साधारण ८० उभे पट्टे उमटतात. ५३ सेंटिमीटरमध्ये ८० म्हणजे एक पट्टा जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा. पडद्याच्या उंचीतही हाच हिशेब लागू होतो आणि तितक्याच रुंदीचे आडवे पट्टे येतात. तक्त्यातली एक ओळही जवळपास तेवढीच उंच असते, त्यामुळे अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला पट्टा कुठला आणि ओळ कुठली हे कळत नाही.

यावरचा खात्रीचा उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिल्यांदा पडद्यावरच तक्ता २०० टक्के मोठा करावा. मग पूर्ण पडदा न घेता त्याचा अर्धा किंवा एक तृतीयांश भाग चौकटीत भरावा. एक तृतीयांश घेतला तर पडद्याच्या ६४० ठिपक्यांना कॅमेऱ्याचे ४००० ठिपके मिळतात, म्हणजे एकास सहा. लाल रंगालाही प्रत्येक पडदा-ठिपक्यामागे तीन वाचने मिळतात आणि पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. अगदी जवळ गेल्यावर मोबाइलचेच प्रतिबिंब पडद्यात पडत असेल, तर मागे राहून दुप्पट झूमची वेगळी भिंग असलेला कॅमेरा वापरावा. नुसता डिजिटल झूम उपयोगाचा नाही, कारण तो संवेदकावरची जाळी बदलत नाही, काढलेले चित्र फक्त ताणतो. तक्ता असा तुकड्यांत टिपताना प्रत्येक तुकड्यात सभासद क्रमांकाचा स्तंभ आला पाहिजे. नाहीतर डावी बाजू उजवीला जोडताना ओळी घसरतात.

तक्ता मोठा करण्याचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. नेहमीच्या आकारात आकड्याची रेघ पडद्याच्या एकाच ठिपक्याइतकी बारीक असू शकते. दुप्पट आकारात ती दोन-तीन ठिपक्यांची होते. अशा वेळी फोकस किंचित ढळला तरी चालते. एका ठिपक्याइतक्या धूसरपणात पडद्याची जाळी विरघळते, पण आकडा शाबूत राहतो. ज्यांच्या मोबाइलमध्ये फोकस हाताने बदलता येतो, त्यांनी हे मुद्दाम करून पाहावे. निकाल मात्र फोटो पूर्ण मोठा करून तपासावा. छोट्या रूपात दिसणारे पट्टे पुष्कळदा फोटो लहान करून दाखवल्यामुळेच आलेले असतात.

फोटोत सरकणारे रुंद काळे पट्टे दिसले तर ते मॉयरे नव्हे. काही पडदे मंद प्रकाशासाठी मागचा दिवा झपाट्याने चालू-बंद करतात आणि कॅमेरा चित्र एकेक ओळ वाचत असल्याने ती उघडझाप पट्ट्यांच्या रूपात उमटते. ओळखायची खूण अशी: मोबाइल पुढेमागे केल्यावर मॉयरे बदलतो, हे पट्टे बदलत नाहीत. पडद्याची प्रखरता पूर्ण वाढवली की बहुधा ते जातात.

आता चकाकी. पडदा आरशासारखा मागचे दाखवतो, म्हणून उपाय पडद्यावर नसून फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असतो. मागची खिडकी झाकावी, दिवा आणि फ्लॅश बंद करावा, पांढऱ्या सदऱ्याऐवजी गडद कपडा असावा. तिरक्या कोनातून काढून चकाकी चुकवणे शेवटचा पर्याय समजावा, कारण मग स्तंभ एका बाजूला अरुंद होत जातात. एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवीकृत असतो. कॅमेऱ्यासमोर पोलरायझिंग फिल्टर धरून योग्य तेवढा फिरवला तर पडद्याचा प्रकाश बहुतांश येतो आणि समोरून परतणारी चकाकी सुमारे निम्मी होते. चुकीच्या दिशेला फिरवला तर पडदाच काळा दिसतो. यासोबत प्रकाशमान थोडे कमी करावे. पांढरी पार्श्वभूमी फोटोत फिकट राखाडी दिसली पाहिजे. ती जळून पांढरीफट्ट झाली तर ८ च्या बारीक रेघा तुटून त्याचा ३ होतो.

अशा फोटोवर पुढचे काम थोडेच उरते. चार कोपरे धरून चित्र सरळ करावे आणि कृष्णधवल करावे. उरलेसुरले पट्टे बहुतेक रंगाचेच असल्याने इथे ते फिके पडतात. तक्त्याच्या रेघा पुसताना मराठीत एक धोका आहे: शिरोरेषाही आडवी रेघच असते. सर्वांत लांब नावापेक्षा लांब असेल तीच रेघ पुसावी, नाहीतर नावांचे डोके उडते. मग टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम चालवावा:

```
tesseract takta.png out -l mar+eng --psm 6 tsv
```

शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दासोबत तो चित्रात डावीकडून किती अंतरावर आहे हेही मिळते. त्यावरून शब्द आपापल्या स्तंभात टाकता येतात.

तपासणीला हा तक्ता स्वतःच मदत करतो. एका ओळीत १२.४ लिटर, दर ३४.५० आणि रक्कम ४२७.८० आहे. गुणाकार जुळतो, म्हणजे तिन्ही आकडे बरोबर वाचले गेले असे धरायला हरकत नाही. दशांशचिन्ह हरवून १२४ झाले तर गुणाकार ४२७८ येतो, रक्कम ४२७.३० अशी वाचली गेली तरी पन्नास पैशांचा फरक उघडा पडतो. स्प्रेडशीटमध्ये एक जादा स्तंभ करून न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या काढाव्यात आणि तेवढ्याच मूळ फोटोशी ताडून पाहाव्यात. फॅट आणि एसएनएफ या गुणाकारात येत नाहीत. दरपत्रक हाती असेल तर त्यांच्यावरून दर काढून पाहता येतो, नसेल तर हे दोन स्तंभ डोळ्यांनीच वाचावे लागतात. नावांना कोणतेच गणित लागू पडत नाही. ती सभासद क्रमांकावरून यादीशी जुळवावीत.