आजीची गोळी, नातवाची साखर

समजा, सकाळचे साडेदहा वाजले आहेत. आजीने मधुमेहाची गोळी घेतली आणि स्ट्रिप टीपॉयवरच राहिली. थोड्या वेळाने आईच्या लक्षात येतं की ती स्ट्रिप सोफ्याखाली पडली आहे, तिचे दोन कप्पे फुटलेत आणि दोन वर्षांच्या मुलाच्या ओठाला पांढरट पूड लागली आहे. फरशीवर एक अर्धवट चघळलेली गोळी सापडते. दुसरीचा पत्ता नाही. मूल मात्र मजेत आहे, गाडी ढकलत घरभर फिरतंय.

अशा वेळी घरातलं कुणी तरी हमखास म्हणतं, ‘एकच तर गोळी, तीही गेली की नाही कोण जाणे. बघू या तासभर, काही वाटलं तर नेऊ.’ ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण या गोळीच्या बाबतीत तो तासभर काहीच सांगत नाही.

आजीच्या स्ट्रिपवर ग्लिमेपिराइड हे नाव आहे असं धरू. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड ही त्याचीच भावंडं, सल्फोनिलयुरिया या गटातली. आपल्या स्वादुपिंडातल्या पेशी एरवी रक्तातल्या साखरेवर नजर ठेवून असतात. जेवण झालं, साखर चढली की त्या इन्सुलिन सोडतात आणि साखर उतरली की हात आवरता घेतात. ही गोळी त्यांना हात आवरू देत नाही. साखर कितीही खाली गेली तरी इन्सुलिन येतच राहतं. आजीला त्याचा फायदा होतो, कारण तिच्या पेशी थकलेल्या असतात आणि शरीरही इन्सुलिनला सहजी दाद देत नाही. नातवाच्या पेशी ताज्या, शरीर तत्पर आणि वजन जेमतेम अकरा किलो. त्यात लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा, आणि शरीराच्या मानाने मेंदू मोठा, म्हणजे साखरेचा खर्च जास्त. म्हणूनच या गटातल्या एकाच गोळीने लहान मुलाची साखर धोकादायक पातळीला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

आता तो दिवस पुढे नेऊन पाहू. एक वाजता मूल वरण-भात खातं. त्या जेवणाची साखर इन्सुलिनला पुरी पडते आणि सगळं ठीक दिसतं. दुपारची झोपही नेहमीसारखी होते. संध्याकाळी मूल जरा किरकिर करतं. दोन वर्षांचं मूल संध्याकाळी किरकिर करणारच. रात्री दोन घास खाऊन ते पेंगतं, आणि दिवसभर दमलं असेल म्हणून सगळ्यांना बरंच वाटतं. खरा धोका इथून सुरू होतो. झोपेत पोटात काही जात नाही, साठा संपत येतो आणि इन्सुलिन चालूच असतं. साखर घसरल्याची चिन्हं म्हणजे घाम, फिकटपणा, थरथर, चिडचिड, आणि मग न उठवता येणारी गुंगी. मूल झोपलेलं असेल तर यांतलं बरंचसं दिसतच नाही. घरच्यांना पहिली जाग येते ती थेट आकडी आल्यावर. साखर दोन-तीन तासांत घसरू शकते, तशी आठ तासांनीही घसरू शकते, क्वचित त्याहून उशिरा. मेंदू साखरेवाचून फार वेळ राहिला तर झालेली इजा भरून येईलच असं नाही.

ज्या घरात मधुमेही माणूस आहे तिथे बहुधा ग्लुकोमीटरही असतो. मुलाच्या बोटाला टोचून पाहिलं, आकडा ९५ आला, की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मला हा प्रसंग सगळ्यांत फसवा वाटतो. तो आकडा फक्त त्या क्षणाचा असतो. गोळी अजून आतड्यातून उतरते आहे. आकडा कमी आला तर ग्लुकोमीटर उपयोगाचाच, पण चांगला आला म्हणून दवाखाना टाळता येत नाही.

दवाखान्यात नेल्यावर तरी वेगळं काय करतात? सुरुवातीला दिसायला फार काही नाही. गोळी जाऊन फार वेळ झाला नसेल आणि मूल पूर्ण शुद्धीवर असेल तर डॉक्टर औषधी कोळसा देण्याचा विचार करतात. मुलाला खाऊ देतात, खेळू देतात, हाताला सुई लावून ठेवतात आणि ठरावीक वेळाने साखर तपासत राहतात. हे साधारण एक पूर्ण दिवस-रात्र चालतं, कारण उपाशीपोटीची एक झोप नजरेखाली जायला हवी. साखर ६० च्या खाली गेली किंवा लक्षणं दिसली की शिरेतून ग्लुकोज देतात. दहा टक्क्यांचं द्रावण, दर किलो वजनाला दोन ते पाच मिलिलिटर. म्हणजे आपल्या अकरा किलोच्या मुलाला २२ ते ५५ मिलिलिटर. त्याने मूल बघता बघता डोळे उघडतं.

पण इथेही एक मेख आहे. बाहेरून दिलेली साखर पाहून गोळीच्या अमलाखालच्या त्या पेशी आणखी इन्सुलिन सोडतात. तासाभरात साखर पुन्हा खाली. म्हणून एक बाटली चढवून घरी सोडलं असं इथे चालत नाही. अशा वेळी ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन कामी येतं. ते इन्सुलिन सुटणंच आवरतं. ते प्रत्येक लहान रुग्णालयात ठेवलेलं असेल असं नाही. बालरोगतज्ज्ञ, रात्रभर साखर तपासणारी माणसं आणि हे इंजेक्शन जिथे आहे तिथे पोचायला वेळ लागतो. तो वेळ मूल हसत-खेळत असताना खर्च केलेला बरा.

नाव वाचताना घोळ होतो तो असा. नुसतं मेटफॉर्मिन असलेली एखादी गोळी मुलाने गिळली तर साखर सहसा अशी कोसळत नाही. ती गोळी वेगळ्या वाटेने काम करते. पण आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असलेली कितीतरी औषधं मिळतात आणि घरात त्यांचं नाव ‘शुगरची गोळी’ एवढंच असतं. दुकानदार दहाच्या स्ट्रिपमधल्या चार कापून देतो तेव्हा नाव बहुतेकदा उरलेल्या तुकड्यावर राहतं. काही घरांत सगळ्या गोळ्या सोलून वारांच्या डबीत भरलेल्या असतात, त्यात रक्तदाबाची अम्लोडिपिनही असते आणि तिचा लहान मुलावरचा परिणाम वेगळा आणि तितकाच गंभीर: रक्तदाब ढासळतो. म्हणून स्ट्रिप, तुकडा, डबी, प्रिस्क्रिप्शन, जे हाती लागेल ते सोबत न्यायचं. दोन गोळ्या कमी भरत असतील तर डॉक्टर दोन्ही पोटात गेल्या असंच धरून चालतात, आणि ते बरोबरच आहे.

तंबाखूचं घड्याळ उलट चालतं. मिश्रीची डबी, तंबाखूची पुडी, ॲश-ट्रेमधलं थोटूक, यांतलं निकोटिन लवकर भिनतं आणि लक्षणं बहुधा तासाभरात दिसतात: लाळ, उलटी, घाम, पांढरा पडलेला चेहरा, जोरात चालणारी नाडी. पुष्कळ मुलं चिमूटभर खाऊन एक-दोनदा ओकतात आणि सावरतात, म्हणून घरोघरी ‘ओकलं म्हणजे निघून गेलं’ असा समज आहे. जास्त मात्रेत मात्र या उत्तेजित टप्प्यामागून दुसरा येतो. मूल शांत होतं, हातपाय सैल पडतात, नाडी मंदावते, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच काम सोडतात. ओकून थकलेलं, निपचित पडलेलं मूल आराम करतंय असं वाटतं तेव्हाच ते या दुसऱ्या टप्प्यात असू शकतं. चुना मळलेली तंबाखू आणखी वाईट. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झटकन शोषलं जातं, शिवाय चुना तोंड पोळतो तो वेगळाच.

तिसरी गोष्ट भांगेची. महाशिवरात्रीला किंवा होळीला थंडाईचा उरलेला पेला, भांग घातलेली बर्फी किंवा गोळी मुलाच्या हाती लागते. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत तेच काम गांजाचा अर्क घातलेले गमी करतात. दिसायला आणि चवीला ते साध्या गमीसारखेच. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोठ्या माणसाची एक मात्रा म्हणजे १० मिलिग्रॅम टीएचसी आणि पाकिटात अशा दहा. मोठा माणूस एक खाऊन थांबतो. तीन वर्षांचं मूल खाऊ म्हणून मूठभर खातं. अमेरिकेच्या विष-माहिती केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांच्या अशा नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत काहीच जाणवत नाही. मग तोल जातो, गुंगी येते, आणि मात्रा मोठी असेल तर मूल उठत नाही, श्वास उथळ होतो. हे दिवसभर किंवा त्याहून अधिक चालू शकतं. श्वासावर लक्ष ठेवणं, लागलाच तर यंत्राचा आधार देणं, हाच उपचार.

याच घरांत एक भारतीय भर पडते. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात ते सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत घेऊन. तिथे १९७० च्या कायद्यामुळे बहुतेक औषधांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारं झाकण असतं. बॅगेतल्या प्लास्टिकच्या पिशवीला ते नसतं.

भांगेच्या बाबतीत सगळ्यांत मोठा घात लपवण्याने होतो. पोलीस येतील, सासरचे काय म्हणतील, या भीतीने पालक ‘काहीच खाल्लं नाही’ असं सांगतात. मग बेशुद्ध मुलाचं कारण शोधायला डॉक्टरांना मेंदूचा स्कॅन करावा लागतो, मेंदूज्वर नाही ना म्हणून पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागतं. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाणं आपल्याकडच्या रुग्णालयांत नेहमीचं आहे. ती आजीच्या गोळीचीही होते. त्यापायी खरं दडवू नये.

घरी काय करायचं ते थोडकंच आहे. तोंडात उरलेलं बोटाने बाहेर काढा, तोंड पुसा, पाण्याने चूळ भरता येत असेल तर भरू द्या. उलटी मात्र काढू नका. घशात बोट घालू नका, आणि मिठाचं पाणी तर मुळीच देऊ नका. एवढं मीठ लहान मुलाच्या रक्तात स्वतःच विष ठरतं. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात दूध, साखर, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर ठेवा. मधुमेहाची गोळी गेली असेल आणि मूल जागं, गिळू शकणारं असेल तर वाटेत साखरपाणी द्यायला हरकत नाही, पण गाडी दवाखान्याकडेच जात असली पाहिजे. मूल उठत नसेल, आकडी आली असेल किंवा श्वास विचित्र वाटत असेल तर १०८ ला फोन करा. सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, अमेरिकेत १-८००-२२२-१२२२. फोनवर तीन गोष्टी विचारल्या जातात, त्या तयार ठेवा: मुलाचं वजन, औषधाचं नाव आणि ताकद, आणि मुलाला शेवटचं ठीकठाक, गोळ्यांपासून दूर पाहिलं ती वेळ. गोळी किती वाजता गिळली हे कुणीच पाहिलेलं नसतं. त्यामुळे पुढच्या तासांचा हिशोब डॉक्टर त्या वेळेवरूनच मांडतात.