पत्रा वाकतो तेव्हा माप कुठे जातं?

भिंतीवर फळी बसवायचा साधा एल आकाराचा ब्रॅकेट घ्या. पत्रा २ मिमी माइल्ड स्टीलचा, बाहेरून मोजलेल्या बाजू ५० आणि ३० मिमी. तर सपाट पट्टी किती लांबीची कापायची? ८० कापली, तर ब्रॅकेट साडेतीन मिलिमीटरने मोठा होतो.

वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधला एक थर मात्र ना ताणला जातो ना दाबला जातो, आणि पट्टीची लांबी त्याच थरावर मोजायची असते. हा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्श्यावर आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर. पत्रा वाकला की थर मध्यापासून आत सरकतो, म्हणून तो ०.५ पेक्षा थोडा कमी धरतात. आपण ०.४२ धरू.

आतली त्रिज्या २ मिमी ठेवली, तर थराची त्रिज्या २.८४ येते. काटकोनात वाकवायचं म्हणून तिला १.५७ ने गुणलं की ४.४६ मिमी, हा बेंड अलाउन्स. दोन्ही बाजूंचे सरळ भाग ४६ आणि २६. एकूण पट्टी ७६.४६ मिमी. सॉफ्टवेअर पत्रा उलगडून दाखवतं, ते याच हिशोबाने.

गडबड होते ती बहुतेकदा के-फॅक्टरपेक्षा त्रिज्येत. प्रेस ब्रेकवर पत्रा व्ही डायच्या तळाला न टेकवता अधांतरी वाकवतात, तेव्हा आतली त्रिज्या पंचापेक्षा डायच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते. माइल्ड स्टीलला ती त्या रुंदीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी येते. म्हणजे १२ मिमीच्या डायवर जवळपास २, पण १६ च्या डायवर २.६. मग तीच पट्टी ७६.२ मिमी लागते. एका बेंडला पाव मिलिमीटरचा हा फरक कुणी विचारणार नाही. चार बेंडच्या डब्यात तो एक मिलिमीटर होतो आणि झाकण बसत नाही.

म्हणून मॉडेल करण्याआधी वर्कशॉपला डाय विचारावी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी त्याच डायवर काटकोनात वाकवून दोन्ही बाजू बाहेरून व्हर्निअरने मोजणं. बेरीज १०३.८ आली, तर प्रत्येक बेंडला ३.८ वजा करायचे: ८० उणे ३.८, म्हणजे ७६.२. मला तक्त्यातल्या आकड्यापेक्षा ही पट्टी जास्त भरवशाची वाटते.

फ्रीकॅड वापरणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर पाहावं. तिथे के-फॅक्टर ANSI किंवा DIN पद्धतीने देता येतो, आणि DIN चा आकडा दुप्पट असतो. ०.४२ चुकून DIN मध्ये टाकला, तर पट्टी ०.६६ मिमी आखूड निघते.

शेवटी DXF फाइल. तिच्यात बेंडची रेघ वेगळ्या लेयरवर ठेवा किंवा काढूनच टाका. कापायच्या लेयरवर राहिली, तर लेझर तिथून पत्रा कापून दोन तुकडे हातात देतो.