बॅटरी का फुगते?

वर्षभर चार्जरलाच जोडलेल्या लॅपटॉपचा टचपॅड एके दिवशी क्लिक होईनासा होतो. त्याला खालून ढकलत असते फुगलेली बॅटरी.

या चपट्या बॅटरीला धातूचे कवच नसते. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पातळ पाकिटात दोन इलेक्ट्रोड आणि कार्बोनेट द्रावकांचे इलेक्ट्रोलाइट बंद असते. पहिल्या चार्जिंगला हा द्रव ग्रॅफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडवर थोडा विघटित होऊन संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि इथिलीनसारखे वायू सुटतात. कारखान्यात ते काढून घेतात, मगच पाकीट कायमचे सील होते.

पुढचा वायू मात्र आतच कोंडतो. बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि त्यात गरम राहिली, की धन इलेक्ट्रोडपाशी द्रव ऑक्सिडाइझ होऊन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड सुटतात. तिकडे ग्रॅफाइटवरचा पापुद्रा तुटतो, पुन्हा बनतो. त्यात लिथियम अडकून पडते.

म्हणजे फुगवटा दिसतो तेव्हा द्रव आणि वापरातले लिथियम दोन्ही घटलेले असतात. थरांमध्ये वायू शिरल्याने त्यांचा एकमेकांशी संपर्कही सुटतो, रोध वाढतो आणि चार्ज असतानाही लॅपटॉप अचानक बंद पडतो. चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटही जाड होते, पण ते डिस्चार्जमध्ये पूर्ववत होते. वायूचा मऊ फुगवटा तसा ओसरत नाही.

टाचणीने हवा काढणे फार धोक्याचे: आतला वायू पेट घेणारा असतो आणि टोचल्याने शॉर्ट सर्किट होऊ शकते. चार्जिंग थांबवून बॅटरी ई-कचरा केंद्रात द्यावी.