बासरीच्या अल्बमचं नाव: वेळ आणि भाव

रागाला वेळ असते हे आपण गृहीत धरतो. पण अल्बमला नाव देताना ही वेळ 'सांज' किंवा 'सायंकाळ' अशा एका शब्दात कोंबली जाते. बासरीत शब्द नसतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती आधी येतं ते फक्त नाव. म्हणून या 'सांज'कडेच आज आपण बघू.

समजा, अल्बममध्ये तीन राग आहेत: मारवा, पूरिया कल्याण आणि यमन. तिन्ही संध्याकाळचे, पण त्यांचा भाव एक नाही. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. शिवाय वादक षड्जावर येणं लांबवत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. ही सूर्य मावळतानाची हुरहुर. मराठीत तिला नेमका शब्द आहे, कातरवेळ. यमनमध्ये रिषभ शुद्ध होतो, पंचम येतो आणि मन स्थिरावतं. ही दिवेलागण झाल्यानंतरची वेळ.

आता नाव 'कातरवेळ' ठेवलं तर मारव्याला ते चपखल बसेल, पण शेवटचा यमन त्याला खोटं पाडेल. नुसतं 'दिवेलागण' म्हटलं, तर सुरुवातीची अस्वस्थता ऐकणाऱ्याला अनपेक्षित वाटेल. मधला पूरिया कल्याण इथे वाट दाखवतो. त्याच्या पूर्वांगात पूरियाचा कोमल रिषभ आहे आणि उत्तरांगात कल्याणची छाया. म्हणजे हा क्रम एका वेळेतून दुसऱ्या वेळेत जातो. म्हणून आम्ही 'दिवेलागणीपर्यंत' हे नाव सुचवू. त्यात वेळ आहे आणि वाट पाहणंही आहे.

मात्र राग मागेपुढे केले, यमन आधी आणि मारवा शेवटी ठेवला, की हेच नाव उलटं पडतं. म्हणून आधी क्रम पक्का करावा, नाव नंतर.

नावात वेळ असायलाच हवी असंही नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे. नाव फक्त दरीचं आहे. वेळ रागांचा क्रमच सांगतो, सकाळच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या देसपर्यंत. दिवसभराचे राग असतील तर एका प्रहराचं नाव अपुरं पडतं. तिथे जागेचं नाव बरं.

शेवटी भैरवीची धून असली तर? ती मूळची सकाळची, पण मैफलीचा शेवट तिने करण्याची प्रथा आहे, त्यामुळे सांजेच्या नावाला बाध येत नाही. अहीर भैरव घातला, तर मात्र येतो.

नाव जमलं की नाही, हे तपासायला रागांची यादी झाकून एखाद्याला फक्त नाव वाचायला द्या आणि विचारा, उजेड किती आहे? मग पहिला आलाप ऐकवा. उत्तर बदललं, तर नाव बदला.