पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावली, तर हातात किती उरतं?

पुण्याहून मुंबई विमानतळाच्या फेरीचे ४,००० रुपये मिळाले असं धरू. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, परतताना गाडी रिकामी. पेट्रोलचे साधारण २,१०० आणि टोलचे ६५० गेले, की १,२५० उरतात. बहुतेक मालक हिशेब इथेच थांबवतात.

टायर आणि सर्व्हिसिंगला किलोमीटरमागे सव्वा रुपया धरला, तर ३७५ जातात. शिवाय ८ लाखांची गाडी दीड लाख किलोमीटरनंतर ३ लाखांना विकली, तर या फेरीचा घसारा १,००० रुपये. म्हणजे सव्वाशेचा तोटाच! आउटस्टेशनलाही परतीचे किलोमीटर गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत, तर हेच होतं. लग्नाच्या भाड्यात गाडी कमी पळते, म्हणून ते परवडतं.

खरा धोका मात्र विम्यात आहे. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे अपघातानंतर प्रवासी भाडेकरू होते हे उघड झालं, की दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जखमींची भरपाई कंपनीने कोर्टाच्या आदेशाने दिली, तरी ती मालकाकडून वसूल होऊ शकते. परमिटशिवाय पकडलं गेल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्नाच्या गाडीलाही हेच लागू. पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट आणि व्यावसायिक विमा घेतला, की वर्षाचा खर्च वाढतो. तो महिन्याच्या किती फेऱ्यांतून निघेल, हे आधी मोजावं लागतं.