पोस्टचं वेळापत्रक, प्रत्येकाच्या कॅलेंडरात

दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी सोशल मीडियावर महिनाभर रोज काही ना काही टाकायचं असतं. मुखपृष्ठ कधी, लेखकांची नावं कधी, सवलतीची शेवटची तारीख कधी, हे सगळं पोस्टचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट भरलेलं असतं. पण ते उघडतो एकटा सोशल मीडिया सांभाळणारा. चित्रकार, मुद्रितशोधक, जाहिरात विभाग यांच्यापैकी कोणी त्यात डोकावत नाही. मोबाइलमधलं कॅलेंडर मात्र प्रत्येक जण बघतो. वेळापत्रकच तिथे पोहोचवायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, तिला कॅलेंडर फीड म्हणतात.

फीड म्हणजे इंटरनेटवरचा एक पत्ता. त्यावर साध्या मजकुराची फाइल असते आणि गूगल, अॅपल, आउटलुक अशी सगळी कॅलेंडरं ती वाचू शकतात, कारण तिची मांडणी 1998 पासून ठरलेली आहे. मुखपृष्ठाची पोस्ट 15 ऑक्टोबर 2026 ला सकाळी नऊ वाजता जाणार असेल, तर तिची नोंद अशी दिसते:

```
BEGIN:VEVENT
UID:post-214@example.com
DTSTAMP:20261001T043000Z
DTSTART:20261015T033000Z
DTEND:20261015T034500Z
SUMMARY:मुखपृष्ठ प्रकाशन
END:VEVENT
```

नऊच्या जागी साडेतीन कसे, असा प्रश्न पडेल. शेवटचा `Z` सांगतो की ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. मुंबईतल्या संपादकाला नऊ दिसतात, दुबईत बसून मांडणी करणाऱ्याला साडेसात, दोन्ही बरोबर. घोळ होतो तो सॉफ्टवेअरमध्ये टाइमझोन चुकीचा निवडलेला असला की. सगळ्याच पोस्ट नेमक्या साडेपाच तासांनी पुढेमागे दिसत असतील, नऊची पोस्ट दुपारी अडीचला किंवा पहाटे साडेतीनला, तर दुसरीकडे कुठे शोधत बसू नका.

`UID` ही ओळ त्या पोस्टची कायमची ओळख. समजा मुखपृष्ठ लांबलं आणि पोस्ट 17 तारखेवर गेली. फीडमध्ये `DTSTART` बदलतो, `UID` तोच राहतो, म्हणून कॅलेंडर जुनीच नोंद उचलून शनिवारी ठेवतं. एखादं सॉफ्टवेअर दर वेळी नवा `UID` देत असेल, तर काही कॅलेंडरांत एकच पोस्ट दोनदा दिसण्याची शक्यता असते. तेव्हा फीड टीमला देण्याआधी एक पोस्ट मुद्दाम सरकवून पाहावी.

हे सगळं चालतं ते कॅलेंडर त्या पत्त्याला सबस्क्राइब केलं असेल तरच. बहुतेकांची गाडी इथेच अडते. फाइल डाउनलोड करून इम्पोर्ट केली की त्या दिवशीचं वेळापत्रक उतरतं आणि तिथेच गोठतं. मूळ ठिकाणी काहीही बदललं तरी कॅलेंडरला पत्ता नसतो. त्यापेक्षा काहीच नसलेलं बरं, कारण जुनी तारीखही खरीच वाटते. गूगल कॅलेंडरमध्ये कॉम्प्युटरवरून `Other calendars` शेजारच्या अधिकच्या चिन्हावर जाऊन `From URL` निवडायचं आणि पत्ता चिकटवायचा.

तरीही बदल लगेच दिसत नाही. फीड स्वतःहून काही कळवत नाही, कॅलेंडर अधूनमधून जाऊन ते वाचून येतं. मॅकवर किती वेळाने वाचायचं ते आपण ठरवू शकतो, अगदी पाच मिनिटांनीसुद्धा. गूगल मात्र बारा तासांपर्यंत वेळ घेऊ शकतं आणि ते बदलायची सोय आपल्या हातात नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्याचं नियोजन फीडवर सोडावं. दुपारची पोस्ट संध्याकाळवर गेली तर सरळ फोन करावा. शिवाय हा रस्ता एकतर्फी आहे. कॅलेंडरात नोंद ओढून दुसऱ्या दिवशी टाकू म्हटलं तर जमत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर चित्रकाराच्या अंगठ्याच्या धक्क्याने अंकाचं प्रकाशन पुढे गेलं असतं.

राहिला गुप्ततेचा प्रश्न. गूगल तो पत्ता स्वतःच्या सर्व्हरवरून वाचतं, तिथे आपला पासवर्ड टाकायला कोणी नसतं. म्हणून अशा फीडच्या पत्त्यातच एक लांबलचक, ओळखता न येणारी अक्षरमाला असते आणि तीच किल्ली. पत्ता व्हॉट्सअॅपवर पुढे गेला की ज्याच्या हाती तो पडेल त्याला सगळं वेळापत्रक दिसतं. म्हणून नोंदीत ‘मुखपृष्ठ प्रकाशन’ एवढंच लिहावं. चित्रकाराचं नाव, अजून जाहीर न झालेली किंमत, पोस्टचा मजकूर तिथे नको. आणि टीममधून कोणी गेलं की सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पत्ता नव्याने तयार करावा. जुना बंद पडतो, उरलेल्यांना मात्र नवा चिकटवावा लागतो.