बाजाराच्या कवितेत मोगरा आणि बोकडाचं मुंडकं

मागच्या वेळी आपण प्रतिमेबद्दल बोललो. आज तिचाच एक अवघड प्रकार घेऊ. गजबजलेल्या बाजारावरची कविता लिहायला किंवा वाचायला घेतली की दोन प्रकारच्या प्रतिमा हमखास समोर येतात. एकीकडे फुलं, रंगीत कापड, कोवळी भाजी. दुसरीकडे सडका माल, गटार, मांस, माश्या. कवी या दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. का ठेवतो, आणि ठेवल्यावर नेमकं काय घडतं, एवढाच आजचा विषय.

सोलापुरात बसून बोलतोय, तर उदाहरण इथलंच घेऊ. मधला मारुती, टिळक चौक, नवी पेठ या भागात सणाच्या आधी गेलेल्या माणसाला बाजार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तिथं एकाच हाकेच्या अंतरात फुलाला मराठीत फूल, तेलुगूत पूलु आणि कन्नडमध्ये हूवु म्हणतात. गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाषा बदलणारी माणसं आहेत ही. कुणा मोठ्या कवीची कविता फळ्यावर घेण्याऐवजी आम्ही या व्याख्यानासाठी स्वतःच चार ओळी जुळवल्या. त्या चांगल्या नाहीत. वाईट ओळी मोडून बघायला बऱ्या असतात, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

पहिला खर्डा असा होता:

मोगऱ्याचा सुगंध दरवळतो
पण शेजारी गटाराची दुर्गंधी येते.

सुंदर आणि कुरूप शेजारी आले. पण कविता झाली नाही. का? पहिली गोष्ट म्हणजे ‘सुगंध’ आणि ‘दुर्गंधी’ या प्रतिमा नाहीतच, ते निकाल आहेत. ‘सु’ आणि ‘दुर्’ हे उपसर्गच वाचकाच्या आधी मत देऊन मोकळे होतात. वाचकाच्या नाकापर्यंत काही पोचत नाही. दुसरी गोष्ट तो ‘पण’. एवढासा शब्द, पण दोन्ही गोष्टींचं नातं ठरवून टाकतो: एक चांगली, दुसरी तिच्यात बिघाड करणारी. शेजारी ठेवण्यातली सगळी ताकद ही वाचकाला नातं शोधायला लावण्यात असते. ते कवीनंच सांगून टाकलं तर वाचकाला काम उरत नाही.

म्हणून दुसरा खर्डा केला:

गजरेवाली फडक्यावर पाणी शिंपडते.
तेच पाणी ओट्याखालून जातं,
कोबीची सडकी पानं उचलत,
मटणाच्या दुकानापुढचं लाल घेऊन.
मोगरा अजून मिटलेला.
बोकडाचे डोळे उघडे.

आता फरक बघा. ‘पण’ गेला, आणि त्याच्या जागी पाणी आलं. गजऱ्यावर शिंपडलेलं पाणी वाहत वाहत पुढच्या दृश्यात जातं, म्हणजे दोन प्रतिमांना जोडणारी वस्तू बाजारातच सापडली. ती वरून आणावी लागली नाही. गजरे ओल्या फडक्यात ठेवतात आणि त्यांच्यावर सारखं पाणी मारतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते पाणी कुठंतरी जाणारच.

आता शेवटच्या दोन ओळींवर जरा थांबू, कारण खरी गोष्ट तिथं आहे. मोगऱ्याची कळी आणि कापलेलं मुंडकं यांत वरवर काही साम्य नाही. एक मिटलेली, एक उघडं. एक हुंगावंसं वाटणारं, एक बघवत नाही असं. पण दोन्ही त्याच सकाळी तोडलेली आहेत. दोन्ही ताजी म्हणून विकायची आहेत. दोन्हींच्या अंगात संध्याकाळपर्यंतचाच वेळ आहे. हे साम्य डोळ्याला दिसणारं नाही, भावनेच्या पातळीवरचं आहे.

इथं मर्ढेकरांची आठवण काढायला हवी. बा. सी. मर्ढेकरांनी प्रतिमेचं मर्म ‘भावनानिष्ठ समतानता’ या शब्दांत पकडलं. शब्द जड आहे, अर्थ सोपा. दोन वस्तू दिसायला सारख्या असोत वा नसोत, त्यांचा भावनिक ताण समान असला की त्या एकमेकींच्या जागी उभ्या राहू शकतात. ‘चंद्रासारखं मुख’ या उपमेत दिसण्याचं साम्य पुरतं. कळी आणि मुंडकं यांत ते शून्य आहे, तरी ताण जुळतो. याशिवाय सौंदर्याच्या रचनेसाठी त्यांनी लयीचे तीन नियम मांडले: संवाद, विरोध आणि समतोल. सारखेपणाचा संवाद, भिन्नतेचा विरोध, आणि दोन्ही बाजूंचं वजन सांभाळणारा समतोल. आपल्या सहा ओळींत पाणी हा संवाद आहे, मिटलेलं-उघडं हा विरोध आहे. समतोल जमलाय का, ते पुढं बघू.

मर्ढेकरांनी हे नुसतं सिद्धांतात ठेवलं नाही. ‘काही कविता’ हा त्यांचा संग्रह 1947 सालचा. त्यात महानगरातलं किळसवाणं जगणं आहे, आणि ते अनेकदा अभंग-ओवीच्या वळणाने आलेलं आहे. म्हणजे सुंदर गोष्ट दर वेळी फुलाच्या रूपानेच यायला हवी असं नाही. ती छंदात असू शकते. कानाला भजनाची चाल ऐकू येते आणि डोळ्यासमोर भलतंच असतं. या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही भरला गेला होता. शेजारी ठेवण्याची किंमत कवीला अशीही मोजावी लागते.

कुणी म्हणेल, हे सगळं नव्या काळाचं फॅड आहे. तसं नाही. शृंगार आणि बीभत्स हे परस्परविरोधी रस, ते एकत्र आले की एकमेकांना मारतात, हे आपल्या जुन्या साहित्यशास्त्राला चांगलं ठाऊक होतं. पण नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने विचारलं, मग महाभारतातल्या स्त्रीपर्वाचं काय? रणांगणावर भूरिश्रव्याचा तोडलेला हात पडलेला आहे. तो बघून विलाप करताना आठवण निघते ती त्याच हाताच्या शृंगाराची. रक्ताने माखलेला हात आणि प्रणयाची आठवण, अगदी शेजारी. रसभंग होतो का? आनंदवर्धनाचं उत्तर असं की होत नाही, कारण शृंगार इथं स्वतःच्या बळावर उभा नाही. तो करुणाचा सेवक होऊन आलाय. त्या आठवणीने दुःख कमी न होता वाढतं.

हे उत्तर बाजाराच्या कवितेला जसंच्या तसं लावून बघता येतं. दोन विरोधी प्रतिमा आल्या की विचारायचं, या दोघी तिसऱ्या कुणाची चाकरी करतायत? आपल्या ओळींत तो तिसरा म्हणजे घाई. माल नासायच्या आत विकण्याची घाई. असा तिसरा सापडला नाही, तर कवीने नुसतंच दचकवलंय असं समजावं. त्याची खूणही सोपी आहे: ओळींची अदलाबदल करून बघा. आधी बोकडाचे डोळे, मग मोगरा मिटलेला, असं वाचलं तर कविता मऊ होते, सांत्वन करते. मूळ क्रमात ती आपल्याकडं बघत राहते. क्रम बदलूनही काहीच फरक पडला नाही, तर त्या प्रतिमा एकमेकींना ओळखतच नाहीत.

आणखी एक दोष नेहमी दिसतो. एक ओळ फूल, एक ओळ गटार, एक ओळ फूल, एक ओळ गटार. तिसऱ्या जोडीला वाचक पुढची ओळ स्वतःच सांगतो. याहून जास्त बोलण्यासारखं त्यात नाही.

हे एवढं आम्ही एका छोट्या बैठकीत मांडत होतो, तेव्हा मागून एक बाई उठल्या. म्हणाल्या, “आमचं मटणाचं दुकान आहे. तुम्ही ‘दुकानापुढचं लाल’ लिहिलंय, जसं काही आम्ही घाण सोडतो. सर, आम्ही पायरी रोज धुतो. पाणी लाल दिसतं ते धुतल्यामुळं.”

आम्ही गप्प झालो. कारण तंत्राच्या सगळ्या हिशोबात आम्ही हे विचारलंच नव्हतं, की कुरूप ठरवतंय कोण? गजरेवालीला आम्ही काम करताना दाखवलं, ती पाणी शिंपडते. मटणाच्या दुकानात माणूसच नाही, नुसता डाग आहे. समतोल बिघडला होता तो इथं. सुंदर बाजूला माणूस आणि कुरूप बाजूला डाग, ही वाटणी बाजाराने केलेली नव्हती, आम्ही केली होती.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला, तेव्हा मराठी वाचक हादरला तो नुसत्या घाणीच्या वर्णनाने नव्हे. ते जग आतून बोलत होतं. तिथं शिवी आणि भारदस्त संस्कृत शब्द एकाच श्वासात येतात, आणि कुठला शब्द वरचा, कुठला खालचा हे ठरवायचा अधिकार वाचकाच्या हातून काढून घेतला जातो. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, त्यासाठी तेंडुलकरही ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले. आम्ही मात्र पलीकडच्या फूटपाथवरून ‘लाल’ बघून आलो होतो.

मग ओळी पुन्हा लिहिल्या:

गजरेवाली फडक्यावर पाणी शिंपडते.
पलीकडं मटणवाल्याचा पोरगा पायरी धुतो.
दोन्हीकडचं पाणी एकाच उताराला लागतं,
कोबीची पानं उचलत.
मोगरा अजून मिटलेला.
बोकडाचे डोळे उघडे.

‘लाल’ काढला. पायरी धुतोय म्हटल्यावर पाण्याचा रंग वाचक स्वतः भरतो. ‘सडकी’ही काढला, कारण वाहून जाणारी पानं विकायची नसणारच. दोन माणसं, दोघांच्या हातात पाणी, दोघांची एकच सकाळ. किळस कमी झाली का? आमच्या मते नाही. मुंडकं तिथंच आहे आणि डोळे उघडेच आहेत. पण आता ती किळस कुणाच्या अंगावर ढकललेली नाही.

त्या बाईंना हा खर्डा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “हे बरंय. पण शेवट अर्धाच आहे. मुंडकी दुपारपर्यंत संपतात आमची. गजरेच राहतात रात्रीपर्यंत, मग तिथंच टाकून देतात, आणि सकाळी आमचा पोरगा पायरीबरोबर तेही झाडतो.”

ती सातवी ओळ आम्हाला अजून लिहिता आलेली नाही.